बटण २ वर, मग आत किती अंश?

मागच्या मे महिन्यात मी नागपूरला आईकडे होते. रात्री तापवून, गार करून फ्रीजमध्ये ठेवलेलं दूध दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहासाठी गॅसवर ठेवलं की फाटायचं. आठवड्यात तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा आईने निकाल देऊन टाकला, ‘फ्रीज गेला.’ त्याआधी दुरुस्तीवाले येऊन गेले होते. दारातून आत हात घालून, ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल’ असं सांगून त्यांनी एक आकडाही ऐकवला होता. पण त्याच फ्रीजच्या वरच्या कप्प्यात बर्फ अंगठ्याइतका जाड साठलेला होता. गॅस खरोखरच संपत आला असता तर इतका बर्फ धरला नसता, म्हणून मी आईला चार दिवस थांब म्हटलं.

मग बटण पाहिलं. एका दाराचा, दोनशे लिटरच्या आतला साधा फ्रीज. आत दिव्याजवळ गोल बटण, त्यावर १ ते ७ आकडे आणि काटा २ वर. ‘आई, हे २ वर कोणी ठेवलं?’

‘मीच. आता एवढा उन्हाळा आहे, म्हणून चारवरून दोनवर आणलं. दोन अंश म्हणजे मस्त गार.’

ही समजूत एकट्या आईची नाही. बटणावर आकडा दिसला की तो अंशांचा असणार असं वाटणं साहजिक आहे. पण अशा गोल बटणावरच्या आकड्याचा सेल्सियसशी संबंध नसतो. तो पंख्याच्या रेग्युलेटरवरच्या आकड्यासारखा असतो. १ म्हणजे कॉम्प्रेसरने थोडं काम करून थांबायचं, ७ म्हणजे जवळजवळ थांबायचंच नाही. आकडा मोठा तितका फ्रीज गार. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात, स्वयंपाकघर चाळिशीला टेकलेलं असताना, आईने फ्रीजला सगळ्यांत आरामाच्या कामावर ठेवलं होतं. ज्या फ्रीजच्या बाहेर पडद्यावर सरळ ३ किंवा ४ अंश असे आकडे उजळतात त्यांची गोष्ट वेगळी, तिथे लहान आकडा म्हणजे जास्त गार. दोन्ही प्रकार एकाच सोसायटीत असतात आणि शेजारणीचा सल्ला एका फ्रीजवरून दुसऱ्याला लागू होतो, गोंधळ तिथेच सुरू होतो.

एका दाराच्या फ्रीजमध्ये आणखी एक गुंता आहे. त्यातला थर्मोस्टॅट बहुतेक वेळा बर्फाच्या कप्प्याच्या भिंतीला चिकटून बसलेला असतो. त्याला कळतं ते त्या भिंतीचं तापमान. खाली मधल्या फळीवर ठेवलेल्या वरणाचं काय चाललंय याची त्याला खबर नसते. वरचा कप्पा ठरावीक गार झाला की तो कॉम्प्रेसर बंद करतो. मधल्या फळीवर त्या वेळी किती अंश असतील हे बाहेरच्या हवेवर, दार किती वेळा उघडलं यावर आणि आत किती सामान कोंबलंय यावर ठरतं. म्हणून जानेवारीत जो आकडा बरोबर असतो तोच मेमध्ये चुकीचा ठरतो आणि उलटही. नागपूरच्या थंडीत ६ वर ठेवलेल्या फ्रीजमध्ये काकडी काचेसारखी होते.

मग आकडा ठरवायचा कसा? आत थर्मामीटर ठेवून. माझ्या पिशवीत एक होता, इडलीच्या पिठासाठी मी तो जवळ बाळगते. टोकाला धातूची काडी आणि वर तबकडी, तीनेकशे रुपयांचा. ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो साधारण ३५ अंशांपासूनच सुरू होतो. उणे वीसपासून पन्नासपर्यंत मोजणारा कुठलाही साधा थर्मामीटर चालेल. तो खरं बोलतो का हे तपासायचं असेल तर पेल्यात कुटलेला बर्फ काठोकाठ भरा, बर्फाच्या फटी भरतील इतकंच पाणी घाला, ढवळा आणि काडी पाच मिनिटं त्यात धरा. आकडा शून्यावर किंवा त्याच्या अगदी जवळ यायला हवा. माझा अर्धा अंश जास्त दाखवत होता, तो मी मनात वजा करत होते.

थर्मामीटर नुसता फळीवर ठेवला तर फसवतो. दार उघडलं की आतली गार हवा पायावर सांडते, बाहेरची गरम हवा आत येते आणि काटा क्षणात चार-पाच अंश चढतो. आपल्याला हवेचं तापमान नकोय, अन्नाचं हवंय, आणि अन्न बहुतांशी पाणी असतं. म्हणून पेलाभर पाण्यात थर्मामीटर उभा करून तो मधल्या फळीच्या मध्यावर रात्रभर ठेवायचा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या, चहाचं दूध काढायच्याही आधी वाचायचा. पाणी हळू तापतं, हळू निवतं, त्यामुळे पेल्यातला आकडा हा दुधाच्या भांड्यातल्या आकड्याच्या जवळचा असतो.

पहिल्या सकाळी मधल्या फळीवर ११ अंश होते. बर्फाच्या कप्प्याखालच्या ट्रेमध्ये ६. आणि आई दुधाचं भांडं जिथे ठेवायची त्या दारातल्या खालच्या कप्प्यात, पाण्याच्या बाटल्यांशेजारी, चक्क १५.

किती असायला हवेत? ५ अंशांच्या खाली. जागतिक आरोग्य संघटना अन्न ५ आणि ६० अंशांच्या मध्ये रेंगाळू देऊ नका असं सांगते. अमेरिकेतल्या सरकारी सूचनांमध्ये ही हद्द ४ अंशांची आहे. मधली फळी ३ ते ४ वर ठेवली की दार उघडण्याझाकण्याची थोडी सूट मिळते. थंडीने जंतू मरत नाहीत, ते फक्त सुस्तावतात. दूध उकळल्यावर बहुतेक जंतू मरतात, पण काहींची बीजुकं उकळीतूनही तगतात. दूध १५ अंशांत पडून राहिलं की ती जागी होऊन कामाला लागतात, आणि उघडझाक करताना भांड्यात पडणारे नवे जंतू त्यांना येऊन मिळतात. त्यांनी दूध किंचित आंबट केलं की गार असताना ते जिभेला कळतही नाही. तापवल्यावर मात्र लगेच फाटतं. आईचा फ्रीज गेलेला नव्हता. दूध रोज चोवीस तास विरजणाच्या वाटेवर होतं इतकंच. लिस्टेरिया नावाचा एक जंतू मात्र ४ अंशांतही हळूहळू वाढतो. म्हणून घरात गरोदर बाई किंवा फार म्हातारं माणूस असेल तर फ्रीजमधलं शिळंही फार दिवस ठेवू नये, आणि खाण्याआधी वाफा येईपर्यंत तापवावं.

त्या दिवशी मी बटण ४ वर नेलं आणि दुसरं काहीही बदललं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. आणि बटण फिरवल्यावर निदान आठ तास, शक्यतो रात्रभर वाट पाहायची. तासाभराने दार उघडून ‘अजून गार नाही’ म्हणत बटण पुन्हा फिरवणारे अखेर ७ वर पोचतात आणि मग वर बर्फाचा डोंगर होतो.

दुसऱ्या सकाळी ८ अंश. सुधारणा होती, पण पुरेशी नव्हती. मग आत काय भरलंय ते पाहिलं.

आईच्या फ्रीजमध्ये प्रत्येक फळीवर आधी वर्तमानपत्र आणि त्यावर फुलाफुलांचं प्लास्टिक. फळी स्वच्छ राहते म्हणून. त्यावर मागच्या भिंतीपर्यंत टेकलेले स्टीलचे डबे, डब्यांवर वाट्या, वाट्यांवर झाकणं, आणि उरलेल्या फटींत कैऱ्या आणि कढीपत्त्याच्या पुड्या. एका दाराच्या फ्रीजमध्ये पंखा नसतो. वरच्या कप्प्याजवळची गार हवा जड होऊन मागच्या बाजूने खाली उतरते, खालची कोमट हवा पुढच्या बाजूने वर चढते, आणि हे चक्र फळ्यांच्या मागेपुढे सोडलेल्या फटींतून चालतं. आमच्या घरी त्या फटी वर्तमानपत्राने बुजवल्या होत्या. म्हणूनच वर बर्फ आणि खाली कोमट. गच्च भरलेला फ्रीज मागे गोठवतो आणि पुढे नासवतो. सामानावरून पलीकडची भिंत इथेतिथे दिसत असावी, मागच्या भिंतीपासून डबे दोन बोटं पुढे असावेत. दोन दारांच्या, पंख्याच्या फ्रीजमध्ये मागे जाळीदार छिद्रं असतात. त्यांच्यासमोर मोठं पातेलं उभं केलं की तोच प्रकार होतो आणि पातेल्याची मागची बाजू गोठते. बर्फाच्या कप्प्याचं उलट असतं, तो भरलेलाच बरा, कारण गोठलेल्या वस्तूच एकमेकींना गार ठेवतात.

वर्तमानपत्रं काढली. अर्धे डबे असे निघाले की त्यांना फ्रीजची गरजच नव्हती. लोणची, भाजलेला रवा, गूळ. आईचं लोणचं माळ्यावर वर्षभर टिकतं, ते फ्रीजमध्ये का गेलं हे तिलाही आठवेना. मग मधलं लाल बटण दाबून बर्फ वितळू दिला. सुरीने खरवडायचा मोह मी आवरला. त्या कप्प्याच्या भिंतीतच गॅसच्या नळ्या असतात. एक भोक पडलं की मग दुरुस्तीवाल्याचं म्हणणं खरं होतं. अंगठ्याएवढा जाड बर्फ म्हणजे गार भिंतीवर घातलेली गोधडीच. तो अर्ध्या सेंटिमीटरच्या पुढे जाऊ द्यायचा नाही.

मग पाण्याच्या बाटल्या. आई रोज दुपारी जेवणानंतर आठ बाटल्या नळाखाली भरून दारात आणि खालच्या फळीवर ठेवायची. मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी ३६ अंशांच्या आसपास सहज असतं. एक लिटर पाणी ३६ वरून ६ अंशांवर आणायला साधारण १२६ किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते, आठ लिटरला हजाराच्या आसपास. इतक्या लहान फ्रीजची उष्णता उपसायची ताकद शंभर वॉटच्या आसपास धरली, तर नुसत्या बाटल्यांसाठी त्याला पावणेतीन तास अखंड राबावं लागणार, आणि त्यातही भिंतींतून झिरपणारी बाहेरची उष्णता मी धरलेलीच नाही. म्हणजे दुपारी दोनला बाटल्या ठेवल्या की संध्याकाळपर्यंत फ्रीज पाणीच गार करत बसतो आणि शेजारचं दूध त्या पाण्याने तापतं.

उपाय ओट्याच्या कोपऱ्यातच होता. माठ. विदर्भातल्या कोरड्या हवेत माठातलं पाणी २५-२६ अंशांपर्यंत सहज उतरतं, तेही फुकट. बाटल्या नळाऐवजी माठातून भरल्या की फ्रीजला ३० अंशांऐवजी २० अंशच उतरवायचे, म्हणजे एक तृतीयांश काम कमी. शिवाय आठ एकदम न ठेवता चार रात्री, चार सकाळी. मुंबईच्या किंवा गोव्याच्या दमट हवेत माठ इतकं काम करत नाही, तिथे बाटल्या वाटून ठेवणं एवढंच हातात राहतं.

त्याच धर्तीवर गरम पातेल्याचा प्रश्न. ‘गरम ठेवू नये’ हे खरं आहे, पण त्याचा अर्थ रात्रभर ओट्यावर ठेवावं असा नाही. शिजवलेलं अन्न दोन तासांत फ्रीजमध्ये जायला हवं, आणि खोली ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरात. मेमध्ये नागपुरात म्हणजे तासाभरातच. भात परातीत पसरला, वरण उथळ भांड्यात ओतून ते भांडं पाण्याच्या थाळ्यात ठेवलं की अर्ध्या-पाऊण तासात बोट लावता येईल इतकं निवतं. भाताच्या बाबतीत हे मुद्दाम सांगते. भातातली काही बीजुकं शिजूनही मरत नाहीत, आणि रात्रभर ओट्यावर ठेवलेल्या भातात ती जे विष तयार करतात ते सकाळी फोडणी देऊनही जात नाही.

वर्तमानपत्रं गेली, बर्फ वितळला, माठाच्या बाटल्या आल्या. तिसऱ्या सकाळी, बटण ४ वरच असताना, मधल्या फळीवर साडेपाच. बटण ५ वर नेलं, चौथ्या सकाळी ४. हौसेने ६ वर करून पाहिलं तर फळीवर ३ आले, पण बर्फाखालच्या ट्रेमधली कोथिंबीर काळी पडली. परत ५.

दारातला आकडा मात्र शेवटपर्यंत ऐकला नाही. मधली फळी ४ वर असताना दारात सकाळी ८ आणि संध्याकाळी, मुलं पाणी पिऊन गेल्यावर, ११. फ्रीज कितीही नीट लावला तरी दार हे दारच. उघडलं की ते पूर्ण बाहेर येतं, खोलीच्या हवेत उभं राहतं आणि गरम होऊन आत जातं. म्हणून तिथे अशाच गोष्टी राहाव्यात ज्यांचा सांभाळ मीठ, साखर किंवा आंबटपणा करतो. टोमॅटो सॉस, जॅम, व्हिनेगर, चिंचेचा कोळ, लिंबाच्या सरबताचा पाक, कोकम आगळ आणि पाणी. दूध, दही, ताक, साय, ओलं खोबरं यांना तिथे जागा नाही. अंडीही आतल्या फळीवर, कंपनीने दारात अंड्यांचा साचा दिला असला तरी. तो साचा जागा वाचवायला दिलेला आहे, मी त्यात लिंबं ठेवते. दुधाची जागा बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे किंवा वरची फळी, कारण एका दाराच्या फ्रीजमध्ये सगळ्यांत गार तिथेच असतं. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच पिशव्यांवर ८ अंशांखाली ठेवा असं छापलेलंच असतं, ते दारात साधत नाही.

आमच्या शेजारच्या काकू इन्सुलिन घेतात आणि ते दारात ठेवतात, हाताशी असावं म्हणून. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात. दारात ते ८ च्या वर जातं आणि बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवलं तर गोठतं. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी वापरायचं नसतं. मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला, एका छोट्या डब्यात ही त्याची जागा. काकूंना मी थर्मामीटरचा आकडा दाखवला तेव्हा त्यांनी डबा लगेच हलवला. नुसतं सांगून त्यांनी हलवला नसता असं मला वाटतं.

दारात सहा-सहा लिटर पाणी लटकवण्याचा आणखी एक तोटा म्हणजे दार हळूहळू खाली झुकतं आणि वरच्या कोपऱ्यात रबर सैल बसू लागतं. तपासायला दहाची नोट पुरते. नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. अडकत अडकत आली तर रबर ठीक, सरकन निघाली तर तिथून गार हवा जातेय. चारही बाजूंनी ओढून पाहा. कित्येकदा रबर नुसतं चिकट झालेलं असतं, साबणाच्या कोमट पाण्याने पुसलं की पुन्हा धरतं.

आईच्या फ्रीजच्या मागच्या पट्टीवर टी हे अक्षर होतं. त्याचा अर्थ हा फ्रीज ४३ अंशांच्या हवेपर्यंत नीट चालावा असा बनवलेला आहे. नागपूरचा पारा त्यापुढे जातो, तेव्हा फ्रीजला भिंतीपासून वीतभर पुढे ओढणं आणि मागची जाळी झाडणं याशिवाय आपल्या हातात फारसं काही नसतं. तशा दुपारी कॉम्प्रेसर थांबतच नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, आतला आकडा ५ च्या आत आहे ना, एवढंच बघायचं. आकडा ५ च्या आत येतच नाही, वर बर्फही धरत नाही आणि कॉम्प्रेसर सतत चालू आहे, अशी तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर दुरुस्तीवाल्याला बोलवावं. तेव्हा गॅसची शंका रास्त असते.

वीज जाते तेव्हाही थर्मामीटर कामी येतो. दार न उघडता फ्रीज चारेक तास तग धरतो. वीज आल्यावर आकडा वाचायचा. ५ च्या आत असेल तर काही बिघडलेलं नाही. त्याच्या वर दोन तासांहून जास्त गेला असेल तर दूध, शिजवलेल्या भाज्या, मासे टाकून द्यायचे, वास घेऊन ठरवायचं नाही. आजारी पाडणाऱ्या कित्येक जंतूंना वास नसतो.

गॅस भरायचे पैसे वाचले त्यातून आईने स्वतःसाठी एक थर्मामीटर मागवला. तो मधल्या फळीवर पेल्यात उभा असतो आणि ती रोज सकाळी कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीने आकडा लिहिते, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी. जूनमध्ये पाऊस आल्यावर एका सकाळी २ लिहिलेलं होतं. तिने मला न विचारता बटण ५ वरून ३ वर आणलं.